गुंबेल-सॉफ्टमॅक्समधलं तापमान नेमकं काय बदलतं?

नेटवर्कच्या पोटात कधीकधी एक ठाम निवड लागते. आवाजाच्या या तुकड्याला ३२० संकेतांपैकी कोणता संकेत द्यायचा, हा इनपुट चार उपनेटवर्कांपैकी कोणाकडे धाडायचा, चित्राच्या या चौकोनासाठी शब्दसंग्रहातला कोणता क्रमांक घ्यायचा. उत्तर 'थोडं हे, थोडं ते' असं चालत नाही. एकच पर्याय हवा. आणि ही निवड कोणी शिकवत नाही. कोणता संकेत बरोबर, हे डेटात कुठेही लिहिलेलं नसतं. शेवटच्या लॉसवरून नेटवर्कने ते स्वतःच शोधायचं असतं.

अडचण अशी की लॉसपासून मागे येणारा ग्रेडियंट या निवडीपाशी येऊन थांबतो. सगळ्यात मोठा आकडा कुठे आहे हे सांगणारं `argmax` पायरीसारखं वागतं. नेटवर्क प्रत्येक पर्यायाला जो कच्चा गुण देतं, म्हणजे लॉजिट, तो जरासा हलवला तर निवड बदलत नाही, म्हणून उतार शून्य. आणखी थोडा हलवला तर निवड एकदम दुसरीकडे उडी मारते, तिथे उतारच नाही. या पायरीच्या अलीकडचं सगळं नेटवर्क मग शिकूच शकत नाही.

२०१६ च्या नोव्हेंबरमध्ये यावरचा एकच उपाय दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडला. एरिक जँग, शिक्सियांग गू आणि बेन पूल यांनी त्याला गुंबेल-सॉफ्टमॅक्स म्हटलं; क्रिस मॅडिसन, आंद्री म्नीह आणि यी व्हाय टेह यांनी काँक्रीट वितरण. पहिलं नाव जास्त रुळलं. हा उपाय वापरणाऱ्या बहुतेकांना कोडच्या चार ओळी पाठ असतात, पण त्यातल्या तापमानाबद्दल एक गैरसमज हमखास असतो: तापमान कमी केलं की निवड कमी बेभरवशाची होते, असा. तसं होत नाही. का, ते एका उदाहरणातले आकडे मांडून पाहू.

समजा तीन पर्याय आहेत आणि नेटवर्कच्या मते त्यांच्या संभाव्यता ०.६, ०.३ आणि ०.१ आहेत. या प्रमाणात एक पर्याय काढायचा आहे. एक सोपी युक्ती आहे: प्रत्येक पर्यायाला एक गजर द्या. गजर कधी वाजेल ते यादृच्छिक आहे, पण ज्याची संभाव्यता जास्त त्याचा गजर सरासरीने लवकर वाजतो. ० आणि १ च्या मधला यादृच्छिक आकडा u घ्यायचा आणि वेळ `-ln(u)/p` धरायची. ज्याचा गजर आधी वाजेल तो पर्याय निवडायचा. घातांकी वितरणाचा गुणधर्म असा की पहिला गजर त्या-त्या पर्यायाचा असण्याची शक्यता बरोब्बर ०.६, ०.३ आणि ०.१ येते.

u चे आकडे ०.३०, ०.७० आणि ०.५० आले असं धरू. वेळा होतात २.०१, १.१९ आणि ६.९३. दुसरा गजर सर्वांत आधी वाजला, म्हणून दुसरा पर्याय. आता याच वेळांचा लॉगरिदम घेऊन चिन्ह उलटं करा: −०.६९६, −०.१७३, −१.९३६. सर्वांत कमी वेळ ती आता सर्वांत मोठी संख्या झाली. आणि हीच संख्या `ln(p) + g` अशी लिहिता येते, जिथे `g = -ln(-ln(u))`. या g ला गुंबेल गोंगाट म्हणतात. टोकाच्या मूल्यांचा अभ्यास करणाऱ्या एमिल गुंबेल या संख्याशास्त्रज्ञाच्या नावावरून.

यातून साधलं काय, तर यादृच्छिकपणा बाजूला काढता आला. आधी नेटवर्कने दिलेल्या संभाव्यतांमधूनच फासा पडत होता. आता फासा बाहेर, स्वतंत्र पडतो. नेटवर्कचे लॉजिट, म्हणजे एका समान स्थिरांकाच्या फरकाने `ln(p)` च, त्यात फक्त मिळवले जातात. बेरजेतून ग्रेडियंट बिनदिक्कत जातो. शेवटी उरतो तो `argmax`, आणि तेवढाच मऊ करायचा आहे. त्याच्या जागी सॉफ्टमॅक्स बसवायचा, पण आधी सगळ्या बेरजांना τ ने, म्हणजे तापमानाने, भागायचं.

वरच्याच तीन बेरजा वेगवेगळ्या तापमानांत टाकल्या की असं दिसतं:

| τ | पहिला | दुसरा | तिसरा |
|---|---|---|---|
| ५ | ०.३४६ | ०.३८४ | ०.२७० |
| १ | ०.३३६ | ०.५६७ | ०.०९७ |
| ०.५ | ०.२५४ | ०.७२४ | ०.०२१ |
| ०.१ | ०.००५ | ०.९९५ | ०.००० |

प्रत्येक ओळीत दुसराच पर्याय पुढे आहे. सगळ्या बेरजांना एकाच धन संख्येने भागल्यावर त्यांचा क्रम बदलायचं कारणच नाही. म्हणून τ काहीही ठेवा, शंभर नमुन्यांत पहिला पर्याय सरासरी साठ वेळा, दुसरा तीस वेळा आणि तिसरा दहा वेळाच जिंकणार. तापमान फक्त एवढं ठरवतं की जिंकणारा किती फरकाने जिंकला असं पुढच्या थराला दाखवायचं. निवड तीच, धार वेगळी.

गोंधळ होतो तो भाषा-मॉडेलांमधल्या तापमानामुळे. तिथे आधी लॉजिटना तापमानाने भागतात आणि मग नमुना काढतात. म्हणजे गोंगाट भागाकारानंतर येतो, आणि तापमान उतरलं की निवड खरोखर एकसुरी होते. इथे गोंगाट आधी मिसळतो आणि भागाकार नंतर होतो. अक्षर एकच, जागा वेगळी, परिणाम पूर्ण वेगळा. इथे नेटवर्क किती वेगवेगळे पर्याय चाचपून पाहील हे फक्त लॉजिटच्या फरकांवर ठरतं. दोन पर्यायांच्या लॉजिटमध्ये १० चा फरक पडला की मागचा पर्याय साधारण बावीस हजारांत एकदा जिंकतो. मग τ पाच ठेवा नाहीतर दहा, नेटवर्क त्या पर्यायाकडे वळूनही पाहणार नाही.

तापमान निवड बदलत नाही, तर ते हळूहळू उतरवायचं तरी कशाला? कारण त्याचा परिणाम ग्रेडियंटवर होतो. दुसऱ्या पर्यायाच्या मऊ मूल्याला y म्हटलं, तर त्याच्याच लॉजिटने ते किती हलतं हे `y(1-y)/τ` सांगतं. तक्त्यातल्या ओळींसाठी हे आकडे येतात ०.०४७, ०.२४६, ०.३९९ आणि ०.०५३. वरून खाली येताना ग्रेडियंट आधी वाढतो आणि मग कोसळतो. τ अजून खाली, ०.०१ वर नेला तर या नमुन्यासाठी तो जवळजवळ शून्यच होतो, कारण पहिल्या दोन बेरजांतला ०.५२ चा फरक आता ५२ चा झालेला असतो.

मात्र सगळेच नमुने असे नसतात. एखाद्या नमुन्यात गोंगाट असा पडतो की पहिले दोघे अगदी खांद्याला खांदा लावून उभे असतात. तिथे y सुमारे अर्धा असतो आणि ग्रेडियंट ०.२५/τ होतो: τ ०.१ असताना २.५, ०.०१ असताना २५. समसमान लॉजिट असलेले दोनच पर्याय घेतले तर बेरजांतला फरक २τ च्या आत पडण्याची शक्यता τ=०.१ ला सुमारे दहा टक्के आणि τ=०.०१ ला सुमारे एक टक्का असते. म्हणजे शंभरांतले नव्व्याण्णव नमुने जवळपास गप्प, आणि एखादाच मोठ्याने ओरडतो. सरासरी ग्रेडियंट फारसा बदलत नाही (या दोन पर्यायांच्या बाबतीत τ १ असताना ०.१६७, आणि τ शून्याकडे जाताना ०.२५), पण तो मोजक्या नमुन्यांत एकवटतो. कमी तापमानाच्या पट्ट्यात τ अर्धा केला की ग्रेडियंटच्या वर्गाची सरासरी साधारण दुप्पट होते; तेवढीच स्थिरता हवी असेल तर बॅचही दुप्पट लागते.

दुसऱ्या टोकाला, जास्त तापमानात, ग्रेडियंट शांत असतो पण खोटा असतो. पुढच्या थराला एक पर्याय मिळतच नाही, सगळ्यांची खिचडी मिळते. नेटवर्क हुशार असतं. ते त्या अपूर्णांकांतच माहिती भरायला शिकतं. ०.३४६ आणि ०.३८४ मधल्या फरकात काहीतरी दडवून पुढे पाठवतं. मग प्रत्यक्ष वापरात एकच पर्याय धरला की ती दडवलेली माहिती गायब होते आणि अचूकता घसरते. म्हणून सुरुवात वरून करायची, म्हणजे सगळ्या पर्यायांना शिकायची संधी मिळते, आणि नंतर उतरत यायचं, म्हणजे नेटवर्कची खिचडीची सवय मोडते.

किती वेगाने उतरायचं? जँग आणि सहकाऱ्यांनी वापरलेलं सूत्र `max(0.5, exp(-r*t))` असं आहे. t म्हणजे प्रशिक्षणाची पायरी, r ०.००००१ किंवा ०.०००१, आणि τ प्रत्येक पायरीला न बदलता दर ५०० किंवा १००० पायऱ्यांनी. r ०.०००१ असेल तर ०.५ चा तळ सुमारे ६,९३१ पायऱ्यांत गाठला जातो, ०.००००१ असेल तर ६९,३१५ पायऱ्यांत. आवाज शिकणाऱ्या वेव्हटुवेक २.० या मॉडेलाच्या लहान आवृत्तीत τ २ पासून ०.५ पर्यंत उतरवला होता, प्रत्येक पायरीला ०.९९९९९५ ने गुणत. याचा हिशेब केला तर तळ गाठायला सुमारे २,७७,००० पायऱ्या लागतात, आणि त्या मॉडेलाचं प्रशिक्षण ४,००,००० पायऱ्यांचं होतं. म्हणजे साधारण दोन-तृतीयांश प्रवास उतारावर, उरलेला सपाटीवर.

इथेच एक ठरलेली चूक होते. तोच ०.९९९९९५ चा गुणक उचलून २०,००० पायऱ्यांच्या लहान प्रयोगात लावला जातो. शेवटी τ असतो १.८१. उतरणं झालंच नाही. मॉडेल शेवटपर्यंत खिचडीवरच वाढलं, आणि मग 'ही पद्धत चालत नाही' असा निष्कर्ष निघतो. गुणक कॉपी करू नये. सुरुवातीचा τ, तळाचा τ आणि तळ कोणत्या पायरीला हवा हे ठरवून गुणक काढावा:

```python
gamma = (tau_min / tau_start) ** (1 / steps_to_floor)
tau = max(tau_min, tau_start * gamma ** step)
```

२०,००० पायऱ्यांच्या प्रयोगात १३,००० व्या पायरीला २ वरून ०.५ वर यायचं असेल तर `gamma` सुमारे ०.९९९८९ येतो.

तळ किती खोल असावा याला सर्वांसाठी एक आकडा नाही, पण तो मोजून ठरवता येतो. दर हजारेक पायऱ्यांनी व्हॅलिडेशनचा लॉस दोनदा काढावा: एकदा मऊ मूल्यांवर, एकदा त्याच गोंगाटाने ठाम निवड करून. या दोन आकड्यांतली दरी हाच खरा निर्देशक. दरी मोठी असेल तर τ अजून खाली न्यायला जागा आहे. दरी मिटली असेल तर आणखी खाली जाण्यात फक्त ग्रेडियंटचा गोंधळ पदरात पडतो. चित्रांसाठीच्या पहिल्या डॅल-ईमध्ये ८,१९२ संकेतांचा संग्रह होता आणि τ १/१६ पर्यंत उतरवला होता, तो याच कसोटीवर: तिथपर्यंत गेल्यावर मऊ आणि ठाम मोजमापांतलं अंतर मिटलं.

दरी टाळायचा दुसरा रस्ता म्हणजे पुढे जाताना ठाम निवड द्यायची आणि मागे येताना ग्रेडियंट मात्र मऊ मूल्यांचा वापरायचा. पायटॉर्चमध्ये `hard=True` दिलं की हेच होतं:

```python
y = F.softmax((logits + g) / tau, dim=-1)
y_hard = F.one_hot(y.argmax(-1), y.size(-1)).to(y.dtype)
out = y_hard - y.detach() + y
z = out @ codebook
```

तिसऱ्या ओळीत किंमत `y_hard` ची उरते, कारण `y` वजा होऊन पुन्हा मिळवला जातो. पण वजा केलेल्या `y` चा ग्रेडियंट `detach` मुळे तुटलेला असतो, म्हणून मागे जाताना मऊ `y` चाच ग्रेडियंट जातो. पुढच्या थराला खिचडी दिसत नाही, मात्र ग्रेडियंट आता थोडा पक्षपाती आहे: तो ज्या फलनाचा आहे ते पुढे चालवलेलंच नाही. शिवाय एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. `out` ची किंमत एकाच जागी १ आणि बाकी ठिकाणी ० असल्यामुळे `codebook` मधल्या, म्हणजे संकेतांच्या सदिशांच्या तक्त्यातल्या, फक्त निवडलेल्या ओळीला ग्रेडियंट मिळतो. लॉजिट सगळ्यांचे हलतात, पण न निवडलेल्या संकेतांचे सदिश जागच्या जागी राहतात.

यातूनच सर्वांत त्रासदायक बिघाड उद्भवतो: संग्रह आकसतो. सुरुवातीला योगायोगाने काही संकेत जास्त वेळा निवडले जातात, ते सुधारतात, म्हणून आणखी निवडले जातात. बाकीचे धूळ खात पडतात. ३२० संकेतांतले चारच चालू राहतात. लॉसचा आलेख पाहून हे कळत नाही, तो निमूट खाली येत असतो. यासाठी दोन आकडे सोबत छापावेत. पहिला: बॅचभरच्या संभाव्यतांची सरासरी काढून, तिच्या एंट्रॉपीचा घातांक. सगळे ३२० सारखे वापरात असतील तर तो ३२० येतो. चारच सारखे वापरात असतील तर ४. दुसरा: प्रत्येक नमुन्याची वेगळी एंट्रॉपी काढून, तिची सरासरी. दोन्ही लागतात, कारण पहिला आकडा ३०० आला म्हणून खूश होता येत नाही; नेटवर्क प्रत्येक वेळी काहीच न ठरवता सगळ्यांना सारखीच संभाव्यता देत असेल तरी तो मोठाच, ३२०, येईल. हवं आहे ते असं: सरासरीची एंट्रॉपी मोठी, एकेका नमुन्याची लहान.

आकसणं दिसलं की पहिला हात तापमानाकडे जातो. पण आधीच सांगितल्याप्रमाणे तापमान वाढवून निवडी बदलत नाहीत. फक्त मऊ पद्धतीत पडून राहिलेल्या संकेतांपर्यंत थोडा ग्रेडियंट पोहोचतो. लॉजिट आधीच दहा-पंधराच्या फरकाने फाकले असतील तर त्याचाही उपयोग होत नाही. तिथे इलाज लॉजिटवर हवा: सरासरीची एंट्रॉपी वाढवणारी लहान संज्ञा लॉसमध्ये मिळवणं. वेव्हटुवेक २.० मध्ये हीच संज्ञा ०.१ च्या वजनाने होती. लॉजिट तयार करणाऱ्या थराची सुरुवातीची वजनं लहान ठेवणं हाही त्याच जातीचा उपाय, आणि जवळजवळ फुकटचा.

उरलेले बिघाड कोडमधले आहेत, पण त्यातला एक फार फसवा आहे. `F.gumbel_softmax` ला लॉजिट द्यायचे असताना सॉफ्टमॅक्स केलेल्या संभाव्यता दिल्या जातात. प्रोग्राम कुरकुर करत नाही. पण ते आकडे ० आणि १ च्या मधले असल्याने कोणत्याही दोन पर्यायांतला फरक १ च्या वर जाऊ शकत नाही, म्हणजे एक पर्याय दुसऱ्याच्या फार तर २.७२ पट संभाव्य होऊ शकतो. ३२० पर्यायांत नेटवर्कची पूर्ण खात्री असली तरी निवडीची शक्यता २.७१८/३२१.७, म्हणजे ०.८४ टक्के. मॉडेल आयुष्यभर गोंगाटच ऐकत राहतं. लक्षण असं: एकेका नमुन्याची एंट्रॉपी कमाल मर्यादेला, ३२० साठी ५.७७ ला, चिकटून बसते आणि कितीही प्रशिक्षण दिलं तरी खाली येत नाही.

दुसरा बिघाड अर्ध्या अचूकतेचा. g स्वतः काढताना u शून्य किंवा १ आला तर लॉगरिदम फुटतो, म्हणून लोक त्यात `1e-20` मिळवतात. १६ बिटांच्या फ्लोटमध्ये एवढी लहान संख्या मावतच नाही; ती शून्य होते आणि संरक्षण नावापुरतं उरतं. मग हजारो पायऱ्या नीट चाललेल्या प्रयोगात अचानक `nan` येतो. गोंगाट आणि सॉफ्टमॅक्स एवढा भाग ३२ बिटांतच करावा.

आणि शेवटी, `F.gumbel_softmax` ला `model.eval()` शी काही देणंघेणं नाही. ड्रॉपआउट जसा चाचणीच्या वेळी आपोआप बंद होतो, तसा इथला गोंगाट बंद होत नाही. एकाच इनपुटला दोनदा चालवून वेगळी उत्तरं आली तर आधी इथे पाहावं. निश्चित उत्तर हवं असेल तर चाचणीच्या फांदीत हे फंक्शन टाळून थेट लॉजिटचा `argmax` घ्यावा. मात्र मॉडेल निर्मितीसाठी असेल, आणि निवडीतली विविधता हवीच असेल, तर गोंगाट राहू द्यावा आणि फक्त `hard=True` करावं. तेव्हा τ ची किंमत काहीही दिली तरी त्याच गोंगाटाला निघणारा पर्याय तोच असतो.